सशर्त संभाव्यता आणि स्वतंत्र घटना : उदाहरणांची प्रतवारी कशी करावी?



संभाव्यतेचे प्रकरण शिकताना बहुतेक विद्यार्थ्यांना सूत्रे पाठ असतात, अपूर्णांकांचा गुणाकारही बिनचूक येतो, आणि तरीही उत्तर चुकते. उत्तरपत्रिका पाहिली तर चूक आकडेमोडीत नसते. ती त्याच्या आधीच, उदाहरण वाचताना झालेली असते. 'दोन घटना आहेत, म्हणजे दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार करा' असे ठरवून विद्यार्थी पुढे जातो, किंवा 'जर' हा शब्द दिसला म्हणून सशर्त संभाव्यतेचे सूत्र लावतो. या लेखात नवीन सूत्र एकही नाही. उदाहरण समोर आल्यावर ते कोणत्या ढिगात टाकायचे, एवढेच आपण पाहणार आहोत. सोडवणे त्यानंतरचे काम.

१. घोळ कुठे होतो?

'हे उदाहरण सशर्त संभाव्यतेचे की स्वतंत्र घटनांचे?' असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. हा प्रश्नच थोडा तिरका आहे, कारण या दोन गोष्टी एका पंगतीत बसणाऱ्या नाहीत.

सशर्त संभाव्यता ही एक संख्या आहे. B ही घटना घडली हे आपल्याला कळले आहे, तर आता A घडण्याची संभाव्यता किती, याचे ते उत्तर असते. ती P(A|B) अशी लिहितात. स्वतंत्रता मात्र संख्या नाही. ते दोन घटनांमधील नाते आहे, आणि ते असते किंवा नसते.

एक साधी तुलना करा. 'या मुलाची उंची किती?' या प्रश्नाचे उत्तर संख्येत येते. 'ही दोन मुले सारख्या उंचीची आहेत का?' याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे येते, आणि ते देण्यासाठी आधी दोघांची उंची मोजावी लागते. स्वतंत्रतेचे तसेच आहे. आधी P(A) काढायची, मग P(A|B) काढायची, आणि दोन्ही सारख्या आल्या तर A आणि B स्वतंत्र आहेत असे म्हणायचे. म्हणजे B घडल्याची बातमी कळूनही A बद्दलचा आपला अंदाज तसूभर हलला नाही, तर त्या घटना स्वतंत्र.

हे ध्यानात आले की गुणाकाराचा नियम एकच उरतो :

P(A ∩ B) = P(B) × P(A|B)

हा नियम नेहमी खरा असतो. घटना स्वतंत्र असतील तर P(A|B) च्या जागी P(A) लिहिता येते, इतकाच फरक. स्वतंत्र घटनांचे सूत्र हे वेगळे सूत्र नसून याच सूत्राचे सोपे रूप आहे. विद्यार्थी सोपे रूप आधी पाठ करतात आणि सगळीकडे तेच लावतात. घोळाचे मूळ हे आहे.

२. एका गठ्ठ्यावरचे पाच प्रश्न

आपल्या सोलापूरचीच वस्तू घेऊ. यंत्रमागावरून आलेल्या १० चादरींचा एक गठ्ठा आहे. त्यातील ३ चादरींच्या विणीत दोष आहे, ७ चांगल्या आहेत. न पाहता एक चादर काढली, ती परत ठेवली नाही, आणि मग दुसरी काढली. या एकाच गठ्ठ्यावर पाच वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. शब्द जवळजवळ सारखे आहेत, उत्तरे मात्र पाहा.

पहिला प्रश्न : दोन्ही चादरी सदोष निघण्याची संभाव्यता किती? येथे काहीही आधी कळलेले नाही. दोन गोष्टी एकत्र घडायला हव्यात. पहिली सदोष निघण्याची संभाव्यता ३/१०. ती निघाल्यावर गठ्ठ्यात ९ चादरी आणि त्यांत २ सदोष उरतात, म्हणून २/९. गुणाकार ६/९०, म्हणजे १/१५.

दुसरा प्रश्न : पहिली सदोष निघाली असता दुसरी सदोष निघण्याची संभाव्यता किती? येथे पहिलीचा निकाल हाती आहे. तिच्या ३/१० चा आता संबंध नाही. उत्तर फक्त २/९. पुष्कळ विद्यार्थी येथेही १/१५ लिहितात. 'आणि' विचारले आहे की 'असता' विचारले आहे, हे पाहिले तर ही चूक टळते.

तिसरा प्रश्न : दुसरी चादर सदोष निघण्याची संभाव्यता किती? पहिलीबद्दल काहीच सांगितलेले नाही. विद्यार्थी गोंधळतो, कारण गठ्ठा तर बदललेला आहे. पण कसा बदलला ते आपल्याला माहीत नाही, म्हणून दोन्ही शक्यता धराव्या लागतात. पहिली सदोष आणि दुसरी सदोष : ६/९०. पहिली चांगली आणि दुसरी सदोष : ७/१० × ३/९, म्हणजे २१/९०. बेरीज २७/९०, म्हणजे ३/१०. पहिल्या चादरीची होती तीच! गठ्ठा बदलला, परंतु बदलाची बातमी आपल्यापर्यंत आली नाही, म्हणून संभाव्यताही हलली नाही.

चौथा प्रश्न सर्वांत बोधप्रद आहे. पहिली चादर न पाहताच बाजूला ठेवली. दुसरी पाहिली, ती सदोष निघाली. तर बाजूला ठेवलेली पहिली चादर सदोष असण्याची संभाव्यता किती? येथे हुशार विद्यार्थीही ३/१० असे उत्तर देतात. त्यांचे म्हणणे असे, की पहिली चादर आधीच काढून झाली होती, नंतरच्या घटनेचा तिच्यावर परिणाम कसा होईल? परिणाम होत नाही हे खरेच. पण संभाव्यता परिणामाबद्दल बोलत नाही, ती आपल्या माहितीबद्दल बोलते. सूत्राने पाहू : दोन्ही सदोष १/१५, दुसरी सदोष ३/१०, भागाकार २/९. मनाने पटवून घ्यायचे तर असे पाहा. तीन सदोष चादरींपैकी एक तर दुसऱ्या क्रमांकावर सापडली. बाजूला ठेवलेली चादर उरलेल्या नऊपैकी कोणतीही असू शकते, आणि त्या नवात सदोष दोनच आहेत.

म्हणून वहीत एक वाक्य लिहून ठेवावे : अट म्हणजे कारण नव्हे, अट म्हणजे कळलेली माहिती. अटीची घटना आधी घडली की नंतर, याने गणित बदलत नाही.

पाचवा प्रश्न : पहिली चादर पाहून परत गठ्ठ्यात ठेवली, चादरी खालीवर केल्या आणि पुन्हा एक काढली, तर दोन्ही वेळा सदोष चादर निघण्याची संभाव्यता किती? आता पहिलीचा निकाल कळूनही दुसरीची संभाव्यता ३/१० च राहते. घटना स्वतंत्र आहेत. उत्तर ३/१० × ३/१०, म्हणजे ९/१००.

३. चार ढीग

या पाच प्रश्नांवरून प्रतवारीची रीत तयार होते. उदाहरण वाचल्यावर पेन्सिल हातात घ्या आणि प्रथम एकच गोष्ट शोधा : निकालांपैकी काही आधीच कळलेले आहे का? कळलेले असेल तर त्या शब्दांखाली रेघ ओढा. मग उदाहरण पुढीलपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग 'आणि'चा. काहीही आधी कळलेले नाही, दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र घडण्याची संभाव्यता हवी आहे. 'दोन्ही', 'तिन्ही', 'एकही नाही' हे शब्द येथे दिसतात. येथे गुणाकाराचा नियम लागतो. दुसरा गुणक लिहिण्यापूर्वी मात्र थांबून विचारायचे की पहिली घटना घडल्यावर दुसरीची संभाव्यता बदलते का? बदलत असेल तर बदललेली लिहायची. चादरींचा पहिला आणि पाचवा प्रश्न या ढिगातले.

दुसरा ढीग 'असता'चा. काही कळलेले आहे, आणि त्यानंतरची संभाव्यता हवी आहे. 'असे असता', 'असे आढळले तर', 'निवडलेली व्यक्ती अमुक आहे असे समजले' अशी वाक्ये असतात. येथे नमुना अवकाश लहान करायचा. अटीत न बसणारे निकाल सरळ खोडून टाकायचे आणि उरलेल्यांतून मोजायचे.

तिसरा ढीग उलट प्रश्नांचा. हाही 'असता'चाच प्रकार आहे, पण दिलेली माहिती एका दिशेची आणि विचारलेले दुसऱ्या दिशेचे असते. चादरींचा चौथा प्रश्न असा होता. येथे आधी सर्व मार्गांची बेरीज करावी लागते आणि मग आपल्या मार्गाचा वाटा काढावा लागतो. बेजच्या सिद्धांताची उदाहरणे या ढिगात येतात. तिसऱ्या प्रश्नात केलेली 'सर्व मार्गांची बेरीज' ही याच कामाची पहिली पायरी समजावी.

चौथा ढीग तपासणीचा. 'या घटना स्वतंत्र आहेत का?' असे विचारलेले असते. येथे मनाने ठरवायचे नाही. P(A), P(B) आणि P(A ∩ B) या तिन्ही काढायच्या आणि पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसरीइतका येतो का ते पाहायचे.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. वाक्यात 'जर' आला म्हणजे उदाहरण सशर्तच, असे समजू नये. 'जर दोन फासे टाकले तर बेरीज ८ येण्याची संभाव्यता किती?' या वाक्यातला 'जर' फक्त प्रयोग सांगतो. निकालाबद्दल तो काही कळवत नाही. प्रयोगाचे वर्णन ही अट नव्हे. निकालाबद्दलची बातमी ही अट.

४. एकच फासा, तरी स्वतंत्र

तपासणीच्या ढिगात मनाने ठरवणे किती फसवे असते, ते एका फाशावर पाहू. फासा एकदाच टाकला. A म्हणजे सम संख्या येणे. B म्हणजे ४ किंवा त्याहून लहान संख्या येणे. विद्यार्थी म्हणतात, 'फासा एकच, टाकला एकदाच, मग घटना स्वतंत्र कशा असतील?' मोजून पाहा. P(A) = ३/६ = १/२. P(B) = ४/६ = २/३. दोन्हींत बसणाऱ्या संख्या २ आणि ४, म्हणून P(A ∩ B) = २/६ = १/३. आणि १/२ × २/३ = १/३. घटना स्वतंत्र आहेत. एकूण सहा संख्यांत निम्म्या सम होत्या, ४ पर्यंतच्या चारांतही निम्म्याच सम आहेत. बातमी कळूनही अंदाज हलला नाही.

आता B बदलून '३ किंवा त्याहून लहान' अशी घ्या. P(B) = १/२. दोन्हींत बसणारी संख्या एकटी २, म्हणून P(A ∩ B) = १/६. गुणाकार मात्र १/४ येतो. घटना स्वतंत्र नाहीत. फासा तोच, प्रयोग तोच, एका संख्येच्या फरकाने नाते तुटले.

येथेच आणखी एक घोळ निस्तरू. एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या, म्हणजे परस्पर अपवर्जक घटनांना काही विद्यार्थी 'वेगळ्या, म्हणून स्वतंत्र' म्हणतात. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. फाशावर २ आला असे कळले की ५ येण्याची संभाव्यता १/६ वरून एकदम शून्यावर येते. बातमीने अंदाज इतका हलत असेल तर स्वतंत्रता कसली? दोन्हींची संभाव्यता शून्याहून अधिक असेल तर परस्पर अपवर्जक घटना कधीही स्वतंत्र नसतात.

५. एका कुटुंबाचे गणित

आता असे उदाहरण घेऊ की ज्यात चारही ढीग एकत्र येतात आणि ज्याचे उत्तर परीक्षेबाहेरही लागते. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदवला गेला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया हे विदर्भातील जिल्हे आणि खानदेशातील नंदुरबार येथे त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. शिक्षण, नोकरी आणि सोयरीक यांमुळे माणसे जिल्हे ओलांडतात, म्हणून हे गणित केवळ विदर्भाचे नाही.

प्रत्येकाला हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. नेहमीच्या जनुकाला A आणि सिकलसेलच्या जनुकाला S म्हणू. AA म्हणजे निरोगी. AS म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, पण तो S पुढे देऊ शकतो. SS म्हणजे रुग्ण. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर मुलाला AA, AS, SA, SS असे चार समान शक्यतांचे निकाल मिळतात. AS आणि SA मध्ये फरक इतकाच, की S कोणाकडून आले. म्हणून प्रत्येक मूल रुग्ण असण्याची संभाव्यता १/४.

(अ) अशा जोडप्याचे पहिले मूल रुग्ण आहे. दुसरे रुग्ण असण्याची संभाव्यता किती? घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'चारात एक म्हणे. एक होऊन गेले, आता पुढची तीन सुटली.' हा समज चादरींच्या गठ्ठ्यासारखा आहे, जणू S ची एक चिठ्ठी खर्च होऊन गेली. पण जनुकांत चिठ्ठी खर्च होत नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी आईकडून एक आणि वडिलांकडून एक जनुक नव्याने येते. ही परत ठेवलेली चादर आहे. दोघे वाहक आहेत हे नक्की असताना मुलांचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणून दुसऱ्यासाठीही उत्तर १/४ च. तीन मुलांपैकी निदान एक रुग्ण असण्याची संभाव्यता हवी असेल तर 'एकही रुग्ण नाही' याची संभाव्यता ३/४ × ३/४ × ३/४ = २७/६४ काढून ती १ मधून वजा करायची. उत्तर ३७/६४, निम्म्याहून अधिक.

(आ) या जोडप्याची मोठी मुलगी रुग्ण नाही. धाकटा भाऊ रुग्ण आहे. तर ती वाहक असण्याची संभाव्यता किती? पुष्कळजण २/४, म्हणजे १/२ सांगतात. पण 'रुग्ण नाही' ही कळलेली बातमी आहे. उदाहरण 'असता'च्या ढिगातले. SS हा निकाल खोडा. उरले AA, AS, SA. तिनांपैकी दोन वाहक. उत्तर २/३.

(इ) तिचे लग्न एका वाहक मुलाशी ठरत आहे. त्यांचे पहिले मूल रुग्ण असण्याची संभाव्यता किती? मूल रुग्ण व्हायचे तर ती वाहक असायला हवी आणि दोघांकडून S यायला हवे. 'आणि'चा ढीग. २/३ × १/४ = १/६.

(ई) आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्यांची दोन्ही मुले रुग्ण असण्याची संभाव्यता किती? 'मुलांचे निकाल स्वतंत्र असतात' हे (अ) मध्ये शिकलेला विद्यार्थी येथे १/६ × १/६ = १/३६ लिहितो. उत्तर चूक आहे. पहिले मूल रुग्ण निघाले की आई वाहक आहे हे नक्की होते. तिचे २/३ आता १ होते, आणि दुसऱ्या मुलाची संभाव्यता १/६ वरून १/४ वर जाते. म्हणून उत्तर १/६ × १/४ = १/२४. १/३६ च्या दीडपट.

मग (अ) मध्ये स्वतंत्र असलेल्या घटना (ई) मध्ये स्वतंत्र का नाहीत? निसर्गाचा नियम तोच आहे. बदलली ती आपली माहिती. आई वाहक आहे हे पक्के माहीत असेल तर पहिल्या मुलाच्या निकालातून आपल्याला नवे काही कळत नाही. ते माहीत नसेल तर पहिल्या मुलाचा निकाल आईबद्दल बातमी देतो, आणि ती बातमी दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचते. एकमेकांना न शिवणाऱ्या दोन घटना एका तिसऱ्या, न कळलेल्या गोष्टीमुळे जोडल्या जातात.

(उ) उलट प्रश्न : पहिले मूल रुग्ण नाही असे कळले, तर आई वाहक असण्याची संभाव्यता आता किती? मूल रुग्ण नसण्याचे मार्ग दोन. आई वाहक असून मूल रुग्ण नाही : २/३ × ३/४ = १/२. आई वाहक नाही : १/३, आणि तेव्हा मूल रुग्ण असूच शकत नाही. बेरीज ५/६. वाहक असण्याचा वाटा १/२ भागिले ५/६, म्हणजे ३/५. अंदाज २/३ वरून ३/५ वर, थोडासाच उतरला. एक मूल रुग्ण निघाले नाही म्हणून घरच्यांनी निर्धास्त होणे गणिताला मान्य नाही.

ताळा करून पाहू. दुसरे मूल रुग्ण असण्याची संभाव्यता, पहिले रुग्ण असता १/४, आणि पहिले रुग्ण नसता ३/५ × १/४ = ३/२०. आता १/६ × १/४ + ५/६ × ३/२० = १/२४ + १/८ = १/६. चादरींच्या तिसऱ्या प्रश्नाप्रमाणेच, पहिल्याचे काहीच न कळता दुसऱ्याची संभाव्यता पहिल्याइतकीच आली.

या गणिताची मर्यादाही सांगायला हवी. त्या मुलीच्या बाबतीतले २/३ हे तिच्या शरीरातले काही नाही, ते आपल्या अज्ञानाचे माप आहे. रक्ताची तपासणी केली की ते १ होईल किंवा ० होईल. सोल्युबिलिटी चाचणी S आहे की नाही एवढेच सांगते, वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. लग्नापूर्वी दोघांचीही तपासणी झाली तर (आ) पासून (उ) पर्यंतची आकडेमोड करण्याची वेळच येत नाही.

६. चुकीच्या गुणाकाराची किंमत

(ई) मधली चूक एका न्यायालयातही झालेली आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील स्त्रीची दोन तान्ही मुले एकामागून एक दगावली, आणि तिच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. १९९९ साली खटल्यात एका वैद्यकीय तज्ज्ञाने सांगितले, की अशा कुटुंबात एक मूल अकस्मात दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन दगावण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. तिला जन्मठेप झाली.

आपल्या प्रतवारीने पाहा. हा गुणाकार दोन्ही मृत्यू स्वतंत्र आहेत असे धरून केला होता. पण दोन भावंडांचे आईवडील एक, घर एक, आनुवंशिक दोष असेल तर तोही एकच. पहिला मृत्यू कळल्यावर दुसऱ्याची संभाव्यता तीच राहील, हे कोणी तपासलेच नव्हते. दुसरी चूक तिसऱ्या ढिगातली. 'आई निर्दोष असता अशी दोन मुले दगावण्याची संभाव्यता' हा आकडा लोकांनी 'दोन मुले दगावली असता आई निर्दोष असण्याची संभाव्यता' म्हणून ऐकला. P(A|B) आणि P(B|A) या एक नव्हेत. दोन मुलांचा खून करणारी आईही अत्यंत विरळा असते, आणि तुलना त्या दोन विरळ शक्यतांची व्हायला हवी होती. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गुणाकाराला आधार नसल्याचे जाहीर निवेदन दिले. पुढे एका मुलाच्या तपासणीचा दडून राहिलेला वैद्यकीय अहवालही बाहेर आला, आणि २००३ साली शिक्षा रद्द झाली. तोवर तिची तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती. २००७ साली तिचे निधन झाले.

७. सरावासाठी

खालील उदाहरणांत प्रथम ढीग लिहा, मग सोडवा.

(१) ५२ पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो चित्राचा (राजा, राणी किंवा गुलाम) आहे असे कळले. तो बदामचा असण्याची संभाव्यता किती? 'चित्राचा' आणि 'बदामचा' या घटना स्वतंत्र आहेत का?

(२) दोन फासे टाकले. 'पहिल्यावर ३ येणे' आणि 'बेरीज ८ येणे' या घटना स्वतंत्र आहेत का? बेरीज ७ घेतली तर?

(३) एका कारखान्यातील ६० टक्के टॉवेल पहिल्या मागावर आणि ४० टक्के दुसऱ्या मागावर विणले जातात. पहिल्यावरचे २ टक्के आणि दुसऱ्यावरचे ५ टक्के टॉवेल सदोष असतात. एक टॉवेल सदोष निघाला. तो दुसऱ्या मागाचा असण्याची संभाव्यता किती?

(४) आई सिकलसेलची वाहक (AS) आणि वडील AA आहेत. तिन्ही मुले वाहक असण्याची संभाव्यता किती? एखादे मूल रुग्ण असण्याची किती?

उत्तरे : (१) 'असता'चा ढीग, नंतर तपासणी. १२ चित्रांत ३ बदाम, म्हणून १/४. अट नसतानाही १३/५२ = १/४. घटना स्वतंत्र आहेत. (२) तपासणी. बेरीज ८ येण्याचे ५ प्रकार आहेत व त्यांपैकी एकात पहिल्यावर ३ असतो, म्हणून १/५. अट नसताना १/६. स्वतंत्र नाहीत. बेरीज ७ चे ६ प्रकार, त्यांतही एक, म्हणून १/६. स्वतंत्र आहेत. (३) उलट प्रश्न. १००० टॉवेल धरा. पहिल्या मागाचे सदोष १२, दुसऱ्याचे २०. उत्तर २०/३२ = ५/८. (४) 'आणि'चा ढीग. आई वाहक आहे हे नक्की असल्याने मुलांचे निकाल स्वतंत्र. १/२ × १/२ × १/२ = १/८. वडिलांकडून S येऊच शकत नाही, म्हणून मूल रुग्ण असण्याची संभाव्यता ०.

चौथ्या उदाहरणात आईची तपासणी झालेली नसती आणि ती वाहक असण्याची संभाव्यता २/३ आहे इतकेच माहीत असते, तर तिन्ही मुले वाहक असण्याची संभाव्यता किती आली असती? विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. उत्तर १/१२ आले तर ढीग बरोबर पडला. १/२७ आले तर पाचव्या विभागातील (ई) पुन्हा वाचावा.